मुडदूस: एक्स-रेतली रुंद फट रिकामी नसते

प्रश्न: मुलगी २० महिन्यांची आहे. पाय फेंगडे वाटतात आणि मनगटं जाड दिसतात म्हणून डॉक्टरांनी मनगट आणि गुडघ्याचा एक्स-रे काढायला लावला. रिपोर्टमध्ये ग्रोथ प्लेट रुंद, कपिंग, फ्रेइंग, मुडदूस असं लिहिलंय. डी जीवनसत्त्व ६ आलं. मी तिला रोज सकाळी कोवळ्या उन्हात बसवते, मग हे झालं कसं? हाडात पडलेली फट भरून येते का?

उत्तर:

ताई, फट भरून येते, आणि ती भरायला लागलेली एक्स-रेवर दिसतेसुद्धा. मी बरीच वर्षं लहान मुलांचे एक्स-रे वाचते आहे. ही फट म्हणजे नक्की काय ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं आपोआप लागेल.

मुलांचं हाड टोकाशी वाढतं. तिथे कूर्चेची एक पातळ चकती असते, तीच ग्रोथ प्लेट. कूर्चा एक्स-रेवर दिसत नाही, म्हणून ती काळी पट्टी वाटते. चकतीतल्या पेशी रांगेने वाढतात, फुगतात आणि शेवटी मरतात. त्या मेल्या की तिथे चुना बसतो आणि त्यावर हाड तयार होतं. मुडदुसात ही शेवटची पायरी अडते. जुन्या पेशी मरत नाहीत आणि नव्या येतच राहतात, त्यामुळे रांग लांबते. सेंटरिंग मजल्यावर मजले चढत गेलं पण काँक्रीटची गाडी आलीच नाही, असा प्रकार. तुम्हाला दिसलेल्या फटीत चुन्याची वाट बघत थांबलेली कूर्चा आहे. तिथे काही तुटलेलं नाही.

रिपोर्टमधले बाकीचे शब्द यातूनच येतात. निरोगी हाडाच्या टोकाला एक ठळक पांढरी रेघ असते. चुना बसला नाही की ती पुसट होते आणि टोक झिजलेल्या ब्रशसारखं दिसतं, ते फ्रेइंग. साचलेली कूर्चा मऊ टोकात मधोमध रुतते आणि कडा बाजूला पसरतात, त्यामुळे सपाट टोकाची वाटी होते, ते कपिंग. बाहेरून मनगट जाड दिसतं ते याच पसरलेल्या कडांमुळे.

मनगट आणि गुडघाच का, तर जिथे वाढ जोरात तिथे ही अडचण आधी दिसते. करंगळीच्या बाजूच्या हाडाची, म्हणजे अल्नाची, ८० टक्क्यांहून जास्त वाढ मनगटाकडच्या टोकाला होते. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ गुडघ्याकडे होते. कोपराजवळ वाढच कमी, म्हणून तिथला एक्स-रे काढून हाती फारसं लागत नाही.

माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका बाळाच्या अल्नाला हलकीशी वाटी दिसली आणि मी मुडदूस लिहून मोकळी झाले. रक्त तपासलं तर सगळं नॉर्मल. अल्नाच्या टोकाला थोडा खोलगटपणा निरोगी बाळातही असू शकतो. टोकाची पांढरी रेघ त्या फिल्मवर ठळक होती, ती मी बघितलीच नव्हती. तेव्हापासून आधी रेघ बघते, मग वाटी. तुमच्या रिपोर्टमध्ये फ्रेइंग आहे, गुडघाही तसाच आहे आणि डी ६ आहे, म्हणजे इथे तशी शंका उरत नाही. नुसते फेंगडे पाय मात्र दीड-दोन वर्षांपर्यंत बऱ्याच निरोगी मुलांचे असतात. त्यांच्या एक्स-रेत ग्रोथ प्लेट व्यवस्थित असते.

आता डी जीवनसत्त्वाचा संबंध. ते कमी पडलं की आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. रक्तातलं कॅल्शियम उतरू नये म्हणून शरीर पॅराथायरॉइड हार्मोन वाढवतं. त्याने कॅल्शियम सावरतं, पण लघवीतून फॉस्फरस वाहून जातो. आणि रांगेतल्या त्या फुगलेल्या पेशींना मरण्यासाठी नेमका फॉस्फरसच लागतो. म्हणून रिपोर्टमध्ये कॅल्शियम जेमतेम ठीक आणि फॉस्फरस कमी असं बऱ्याचदा दिसतं, आणि घरचे म्हणतात, 'कॅल्शियम तर बरं आहे की!'

कोवळ्या उन्हाचं म्हणाल तर आपल्या आज्यांनी सांगितलेलं ऊन बाळाला ऊब देतं, डी फारसं देत नाही. त्वचेत डी तयार करणारे किरण सूर्य वर आल्यावरच पुरेसे पोचतात. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर ते फार कमी असतात, आणि खिडकीच्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. पण म्हणून तान्ह्या बाळाला दुपारी भाजायला काढायचं नाही. पहिल्या वर्षी रोज ४०० युनिटचे थेंब देतात ते याचसाठी, कारण आईच्या दुधातही डी थोडंच असतं, आणि आईचंच कमी असेल तर आणखी कमी.

औषधाचं एक उदाहरण देते. १४ महिन्यांचा मुलगा, फक्त आईच्या दुधावर आणि भाताच्या पेजेवर वाढलेला. डी ५, फॉस्फरस २.४, मुडदुसात चढणारं एन्झाइम अल्कलाइन फॉस्फटेज १४५०, पॅराथायरॉइड हार्मोन वाढलेला. त्याला तीन महिने रोज ३००० युनिट डी दिलं आणि आहार धरून रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम. चार आठवड्यांनी काढलेल्या फिल्मवर त्या काळ्या पट्टीत, हाडाच्या टोकापासून जरा अंतर ठेवून, एक बारीक पांढरी रेघ उमटली होती. काँक्रीटची गाडी पोचल्याची ती खूण. तीन महिन्यांनी रेघ आणि हाड यांच्यातली जागा जवळपास भरली होती. पाय सरळ व्हायला मात्र वर्ष-दीड वर्ष गेलं. म्हणून कोणी लगेच ऑपरेशन सुचवलं तर हाड आधी भरू द्या.

डोस तुमचे डॉक्टर ठरवतील, पण बाटलीवरचा आकडा स्वतः वाचा. एका मिलिलिटरमध्ये ४०० युनिटची बाटलीही मिळते आणि ८०० चीही. मोठ्यांची ६०,००० युनिटची पुडी मात्र घरच्या घरी आठवड्याला एक अशी देऊ नका. डी जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं, बाळ उलट्या करतं, सुस्तावतं आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. उलट कॅल्शियम फार उतरलं तर झटके येतात. झटका आला तर सरळ दवाखाना गाठा.

तुमच्या संदेशात फॉस्फरस आणि पॅराथायरॉइड हार्मोनचा आकडा नाही. औषध सुरू व्हायच्या आधी हे रक्त काढून घ्या, नंतर ते आकडे बदलतात. कारण असं, की तीन महिने नीट औषध देऊनही ती पांढरी रेघ आली नाही आणि अल्कलाइन फॉस्फटेज उतरलं नाही, तर आधी डोस खरोखर पोटात जातोय का आणि कॅल्शियम दिलं जातंय का ते बघतात. दोन्ही ठीक असेल तर आनुवंशिक मुडदुसाचा विचार करतात. त्यात फॉस्फरस मूत्रपिंडातून गळत राहतो, डी बहुधा बरं असतं आणि नुसत्या डीने फरक पडत नाही. घरात कोणाची उंची फार कमी किंवा पाय वाकडे असतील तर ते डॉक्टरांना आत्ताच सांगा.

आणि ही पहिली फिल्म जपून ठेवा. पुढच्या एक्स-रेला ती सोबत न्या आणि मनगट-गुडघा त्याच स्थितीत ठेवून काढायला सांगा. हात जरा वळला तरी वाटी कमी-जास्त दिसते.