ऑफिसच्या वायफायवर स्वतःचा फोन: आयटीवाल्यांना काय दिसतं?

प्रश्न: वेर्ण्याला एका कंपनीत आहे. आत पत्र्याखाली मोबाईलला रेंज नाही म्हणून स्वतःचा फोन ऑफिसच्या वायफायला जोडलाय. काल जेवणाच्या सुट्टीत त्यावरूनच नोकरी.कॉमवर अर्ज केला आणि बायकोशी व्हॉट्सअॅपवर त्याबद्दल बोललो. आयटीवाल्यांनी हे सगळं वाचलं असेल का?

उत्तर: वाचलेलं नसणार. पण तुमचा फोन कुठे गेला, कधी गेला आणि किती डेटा आला-गेला, एवढं मात्र नोंदलं गेलंय. वेर्णा आणि फोंड्याकडच्या काही कंपन्यांची नेटवर्क मी सांभाळतो, त्यामुळे या नोंदी माझ्या रोजच्या बघण्यातल्या.

कोणतीही साइट उघडताना फोन आधी तिचा पत्ता विचारतो. हा प्रश्न बहुधा ऑफिसच्याच डीएनएस सर्व्हरकडे जातो आणि तिथे साधारण अशा ओळी उमटतात:

```
13:12:07  10.20.4.87  www.naukri.com
13:14:31  10.20.4.87  g.whatsapp.net
```

यापुढचं सगळं एचटीटीपीएसच्या कुलपात जातं. कुठली जाहिरात उघडली, कोणता बायोडेटा चढवला, पासवर्ड काय, हे या ओळींत नाही. व्हॉट्सअॅपचं तर आणखी पक्कं, संदेश तुमच्या फोनवर बंद होतो तो बायकोच्या फोनवरच उघडतो. फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस लावलं तर पहिली नोंद टळते, पण जोडणी सुरू होताना साइटचं नाव बहुतेक वेळा पुन्हा उघडच जातं आणि ऑफिसच्या नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी, म्हणजे फायरवॉल, ते टिपतो. व्हीपीएन लावलात तर साइटची नावं झाकली जातात. मात्र व्हीपीएन चालू आहे हे दिसतं, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त डोळ्यांत भरतं.

वरच्या ओळींतला 10.20.4.87 हा नेटवर्कने तुमच्या फोनला दिलेला पत्ता. तो म्हणजे तुम्हीच, हे कसं कळतं? वायफायला जोडताना कर्मचारी क्रमांक टाकला असेल तर सरळच कळतं. सगळ्यांना एकच पासवर्ड असेल तर नाव लगेच लागत नाही, कारण हल्लीचे फोन नेटवर्कला खरा मॅक पत्ता, म्हणजे फोनचा कायमचा ओळखक्रमांक, न देता बनावट देतात. तरी तो फोन रोज तुमच्याच पाळीला येत-जात असेल तर शोधणाऱ्याला जड नाही. पण शोधायला कुणी बसतं का? सहसा नाही. काही बिघडलं किंवा एचआरने लेखी मागितलं, तरच नोंदी उघडल्या जातात. त्या लगेच पुसल्या जात नाहीत, एवढं लक्षात ठेवा: केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था सर्ट-इन हिच्या 2022च्या निर्देशांनुसार कंपन्यांना नोंदी 180 दिवस ठेवाव्या लागतात.

आता खरी तपासायची गोष्ट. वायफाय जोडून देताना आयटीने तुमच्या फोनमध्ये एखादं सर्टिफिकेट घातलं होतं का? तसं असेल तर फायरवॉल मध्ये बसून कुलूप उघडू शकतो, वाचू शकतो आणि स्वतःचं कुलूप लावून पुढे पाठवू शकतो. सर्टिफिकेट नसताना हे कुणी केलं तर ब्राउझर लगेच धोक्याचा इशारा देतो, त्यामुळे गुपचूप होत नाही.

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये Trusted credentials शोधा आणि User हा भाग उघडा. तिथे कंपनीचं किंवा फायरवॉल बनवणाऱ्याचं नाव असेल तर प्रश्न आहे. तसं सर्टिफिकेट घातलेलं असलं की फोन Network may be monitored असंही सांगतो. फक्त वायफायच्या लॉगिनसाठी घातलेलं सर्टिफिकेट वेगळं, त्याने कुणाला तुमचं काही वाचता येत नाही. आयफोनवर General मध्ये VPN & Device Management बघा; कंपनीचं प्रोफाइल असेल तर तिथे सापडेल.

आणखी एक पडताळा: ऑफिसच्या वायफायवर ब्राउझरमध्ये तुमच्या बँकेची साइट उघडा, पत्त्याशेजारच्या चिन्हावर टिचकी मारून सर्टिफिकेट कुणी दिलंय ते वाचा. मग बाहेर गेटवर येऊन मोबाईल डेटावर तेच करा. दोन्हीकडे एकच नाव आलं तर त्या साइटपुरतं तरी मधे कुणी नाही. फक्त बँकेच्या साइट फायरवॉलवर अनेकदा मुद्दाम वगळलेल्या असतात, म्हणून एखाद्या साध्या साइटवरही करून बघा.

असं सर्टिफिकेट असलं तरी बरीच अॅप्स ते मानत नाहीत. अँड्रॉइड 7पासून अॅप्स आपोआप अशा सर्टिफिकेटवर विश्वास ठेवत नाहीत. म्हणजे अँड्रॉइडवर धोका मुख्यतः ब्राउझरला. नोकरीचा अर्ज अॅपमधून केला की ब्राउझरमधून, हे आठवून बघा.

आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हॉट्सअॅप वेब चालू ठेवलंय का? असेल तर वायफायची चिंता सोडा आणि आधी ते बंद करा. तो लॅपटॉप कंपनीचा, त्यावर पडद्याची चित्रं घेणारी सॉफ्टवेअर बसवता येतात, आणि तिथे संदेश कुलपाबाहेर उघडेच असतात. फोनवर व्हॉट्सअॅपमधल्या Linked devices मध्ये जाऊन तो लॅपटॉप काढून टाका.