स्लाइडच्या मथळ्यात विधान हवं

अगं, तुझ्या स्लाइडवर ‘प्रस्तावना’, ‘भाषाशैली’, ‘निष्कर्ष’ असे मथळे आहेत. म्हणजे निबंधाची अनुक्रमणिकाच पडद्यावर. मथळ्यात पूर्ण वाक्य लिही. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ (१९७२) हा कवितासंग्रह घेतलायस ना? मग ‘भाषाशैली’ऐवजी ‘कामाठीपुऱ्याची बोली पांढरपेशा वाचकाला उपरा ठरवते’ असं लिही. खाली कवितेच्या चारच ओळी, अडणारे शब्द ठळक. त्यांचं विवरण तोंडी कर. पुढच्या स्लाइडवर संग्रहाला असलेली विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आण. स्वतःला न कळलेल्या शब्दांबद्दल ते तिथे बोलतात, हा तुझा भक्कम पुरावा. ढसाळांचं चरित्र मात्र गाळ, मुंबई विद्यापीठाच्या कलिन्यातल्या वर्गाला ते ठाऊक असतं. मग नुसते मथळे मैत्रिणीला ओळीने वाचून दाखव. दोन मथळ्यांची अदलाबदल करूनही तिला काही खटकलं नाही, तर युक्तिवाद अजून उभा राहिलेला नाही.