सवड विचारली, आवाका ऐकला

"ताई, आमचे मॅनेजर रोज विचारतात, 'तुझ्याकडे बँडविड्थ आहे का?' हो म्हटलं की रात्रीचे साडेनऊ वाजतात. नाही म्हटलं की मीच कमी पडते असं वाटतं. माणसाला बँडविड्थ कशी असते? आता तो शब्द ऐकला तरी पोटात गोळा येतो."

नागपूरच्या मिहानमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करणारी ही मुलगी तिशीच्या आतली. तिच्या परवानगीनं, ओळखीच्या खुणा बदलून लिहिते आहे. धरमपेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत ती पहिल्यांदा आली तेव्हा पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती, आणि बोलता बोलता एक गंमत सांगून गेली. आईचा फोन आला होता, ही घाईत म्हणाली, "आई, आत्ता माझ्याकडे बँडविड्थ नाही." आई म्हणाली, "काऊन वं, नेट गेलं काय तुझं?"

आईचं बरोबरच होतं. शब्द मूळचा तारा-लहरींचाच. रेडिओवाल्यांसाठी बँडविड्थ म्हणजे कंपनांच्या पट्ट्याची रुंदी. आपल्याकडे मध्यम लहरींवर दोन शेजारच्या स्टेशनांमध्ये 9 किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात. त्या अरुंद पट्टीत बोलणं नीट मावतं, गाण्याचे बारीक सूर कापले जातात. जुन्या टेलिफोनला तर साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढीच पट्टी मिळायची, म्हणून फोनवर ओळखीचा आवाजही पातळ वाटायचा. पुढे संगणकवाल्यांनी हाच शब्द सेकंदाला किती माहिती जाते यासाठी घेतला आणि मग त्याच ऑफिसांमध्ये तो माणसांवर आला.

तारेला विचारायचं नसतं. माणसाला विचारावं लागतं, आणि विचारणं अवघड असतं. "वेळ आहे का?" म्हटलं की समोरचा रिकामा बसलाय असं सुचवल्यासारखं होतं. "करशील का?" म्हटलं की विनंती होते, मग उपकारही होतो. बँडविड्थ म्हटलं की दोन्ही टळतं. प्रश्न माणसाबद्दल न राहता एखाद्या पाइपाबद्दल होतो आणि 'नाही' म्हणणाऱ्यालाही आडोसा मिळतो: मी नकार देत नाही, जागाच नाही. मॅनेजर हा शब्द वापरतात तो बहुतेकदा या सभ्यपणापायी, हे मी तिला सुरुवातीलाच सांगितलं. तिचे मॅनेजर दुष्ट आहेत असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

मग मी तिला कागद दिला आणि म्हटलं, हा प्रश्न मराठीत लिहा. तिनं लिहिलं, "तुला हे झेपेल का?" मी विचारलं, "'सवड आहे का?' असं का नाही लिहिलं?" ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली.

मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत. सवड म्हणजे हातात मोकळा असलेला वेळ. आवाका म्हणजे अंगची कुवत. सवड नसणं यात लाजण्यासारखं काही नाही, आवाका नसणं मात्र लागतं. बँडविड्थमध्ये हे दोन्ही एकाच पिशवीत कोंबलेले आहेत. मॅनेजर सवड विचारत होते आणि हिला आवाका ऐकू येत होता. म्हणून ती रोज 'हो' म्हणून स्वतःची कुवत सिद्ध करत होती, तेही न विचारलेल्या प्रश्नाला.

दुसऱ्या भेटीला तिनं आठवड्याची वही आणली. कामाचे तास 45, त्यात जेवण-चहाचे 5. मीटिंगा 10 तास. अचानक येणाऱ्या तक्रारी तपासण्यात 9. दोन नवीन मुलांच्या शंका सोडवण्यात 6. हे झाले 30. शिवाय तिच्या नावावर नोंदलेली कामं 24 तासांची. एकूण 54. रोजचे दोन तास कुठून येतात ते पानावरच दिसलं.

"सरांच्या शीटमध्ये यातलं काय दिसतं?" मी विचारलं.

"फक्त 24."

म्हणजे त्यांच्या हिशेबानं ती आठवड्याला 21 तास मोकळी होती! त्यांचा प्रश्न खोटा नव्हता, शीट अपुरी होती.

एक गोष्ट अजून होती. तिला वाटत होतं, 45 चे 45 भरले तरच आपण प्रामाणिक. पण तक्रारी सांगून येत नाहीत. बँकेत एकच खिडकी आहे आणि लोक मनाला येईल तेव्हा येतात असं धरा. रांगांच्या गणितातल्या सर्वांत साध्या हिशेबात कारकून 80 टक्के वेळ गुंतलेला असेल, तर नव्या माणसाला सरासरी एका कामाच्या चौपट वेळ रांगेत थांबावं लागतं. 90 टक्के गुंतला की नऊपट. गुंतलेला वेळ 80 वरून 90 टक्क्यांवर गेला आणि थांबणं दुपटीहून जास्त झालं. हिच्या तक्रारींचं नेमकं तेच होत होतं. ज्याचं काम अवचित येतं त्याच्या वहीत थोडी जागा रिकामी लागतेच, ती जागा सवड समजून भरायची नाही.

यावर तिनं जे केलं ते फसलं. सरांना दीड पानी मेल पाठवला, त्यात सगळे तास. ते चिडले; त्यांना तो तक्रारीचा अर्ज वाटला. चूक थोडी माझीही, वही कुणाला आणि कशी दाखवायची हे आम्ही बोललोच नव्हतो. मग ठरलं की मेल नको, प्रश्न आला की तिथेच, उभ्या उभ्या, तीन गोष्टी विचारायच्या: काम कोणतं, किती तासांचं आणि त्यासाठी हातातलं काय मागे ठेवू? 'हो' किंवा 'नाही' त्यानंतर.

पुढच्या सोमवारी सरांनी विचारलं, तिनं हे विचारलं, आणि सर म्हणाले, "थांब, बघून सांगतो." ते काम आलंच नाही. त्या आठवड्यात नवीन मुलांचे 6 तास शीटमध्ये चढले. तक्रारींचे 9 अजून चढलेले नाहीत.

यातून सगळं सुटत नाही. काम काय ते न सांगता आधी "बँडविड्थ आहे ना?" असं येतं, विशेषतः शुक्रवारी संध्याकाळी, तेव्हा बहुधा क्लायंटला शब्द देऊन झालेला असतो. तो प्रश्न नसतो, निरोप असतो. त्याला सवडीचा हिशेब देऊन उपयोग नाही. बदली सुट्टी कधी, एवढंच विचारता येतं.

तसा एक शुक्रवार तिच्या वाट्याला आलाच. रविवारी ती ऑफिसात गेली, मेट्रोत बसल्यावर मला मेसेज केला: "सहा तासांचं आहे. बुधवारी अर्धा दिवस मागितला, दिला. पोटात गोळा आला, पण लहान."