90 दिवसांच्या उधारीची ऑर्डर आणि मुलीच्या नावाची एफडी

"ताई, मकरपुरा जीआयडीसीत माझं छोटं मशीनिंगचं युनिट आहे, महिन्याला 10 लाखाचं काम होतं. एका मोठ्या कंपनीकडून महिन्याला अजून 5 लाखाची ऑर्डर मिळतेय पण पेमेंट 90 दिवसांनी. स्टील अडीच लाखाचं लागेल (सप्लायर 30 दिवस थांबतो), पगार-लाइट-टूल्स धरून 1.70 लाख, म्हणजे 80 हजार सुटतात. बँकेची सीसी लिमिट, म्हणजे धंद्यासाठी लागेल तसं काढायच्या कर्जाची मर्यादा, 10 लाख आहे, त्यातले 4 वापरलेत. मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेली 10 लाखाची एफडी मोडून ऑर्डर घेऊ का? पुढच्या जूनमध्ये अ‍ॅडमिशन आहे."

दादा, एफडी मोडू नका. ऑर्डर वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, महिन्याला 80 हजार सुटत असतील तर ती घेण्यासारखीच आहे, पण 10 लाखात ती उभी राहत नाही, आणि हे तुम्हाला तिसऱ्या महिन्यात कळेल जेव्हा मागे फिरता येणार नाही.

आधी दिवस मोजू. हिशोब साधा आहे: माल आपल्याकडे किती दिवस पडतो, त्यात पार्टी पैसे किती दिवसांनी देते ते मिळवायचं, आणि सप्लायर आपल्यासाठी जितके दिवस थांबतो ते वजा करायचे. उरतात तितके दिवस धंदा आपल्या खिशातून चालतो. तुम्ही माल किती दिवस पडतो ते लिहिलं नाही, पण तुमच्यासारख्या कामात स्टील आल्यापासून पार्ट बनून गाडीत चढेपर्यंत 40 दिवस धरू. आता ते 90 दिवस. मोठ्या कंपनीत घड्याळ बिलाच्या तारखेला सुरू होत नाही, माल उतरला, इन्स्पेक्शन झालं, त्यांच्या सिस्टीममध्ये जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, पडली की मग सुरू होतं, त्यात 10 दिवस सहज जातात, आणि पेमेंट ठरलेल्या तारखांनाच निघतं म्हणून अजून 5. म्हणजे 90 चे झाले 105. तर 40 अधिक 105 वजा 30, एकूण 115 दिवस.

आता हेच तारखेने बघा. पहिल्या दिवशी स्टील आलं. तिसाव्या दिवशी सप्लायरला 2.95 लाख द्यायचे (18 टक्के जीएसटी धरून, तो आपण विसरतो) आणि खर्चाचे 1.70, मिळून 4.65 लाख गेले. साठाव्या दिवशी दुसऱ्या लॉटचे परत 4.65, झाले 9.30. ऐंशीव्या दिवसाच्या आसपास पहिल्या बिलाचा जीएसटी, स्टीलवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट वजा जाऊन 45 हजार, झाले 9.75. तुमची एफडी इथे संपली. दहा दिवसांनी परत पगार आणि स्टील, 4.65 लाख, आणि खात्यात 25 हजार. कंपनीचं पहिलं पेमेंट येणार 145 व्या दिवशी, तोपर्यंत जवळपास 20 लाख अडकलेले असतील. पहिल्या महिन्याच्या स्टीलचं क्रेडिट तुमच्या जुन्या बिलांच्या जीएसटीत वळतं होईल, तो थोडा दिलासा मी धरला नाही, पण त्याने चित्र बदलत नाही. आणि हे 20 लाख परत येत नाहीत बरं का, ऑर्डर चालू आहे तोपर्यंत ते आतच फिरत राहतात, जूनमध्ये फी भरायला ते बाहेर काढायचे म्हणजे काम थांबवायचं.

माझ्या वडिलांचं असंच वर्कशॉप होतं. ऑर्डरी वाढल्या, हिशोबात नफा दिसायचा, त्यावर टॅक्सही भरला, आणि दोन दिवाळ्या कामगारांचा बोनस व्याजाने पैसे आणून दिला. नुकसान एका रुपयाचं नव्हतं, पैसे फक्त पार्टीकडे होते. म्हणून मी हे इतकं खोदून लिहितेय.

तुम्ही म्हणाल सप्लायरला 60 दिवस मागतो. मागा, पण सूत्रात सगळे दिवस सारखे दिसत असले तरी रुपयात ते सारखे नसतात. पार्टीने एक दिवस उशीर केला की तुमचे साधारण साडेपंधरा हजार अडकतात, कारण त्यात स्टील, पगार, लाइट सगळं आलं. सप्लायर एक दिवस जास्त थांबला तर फक्त स्टीलचे सुटतात, 9,800 च्या आसपास. कामगार आणि वीज कंपनी काही थांबत नाहीत.

सीसी लिमिट वाढवून भागेल का? अर्धवट. बँक ड्रॉइंग पॉवर, म्हणजे लिमिटमधले प्रत्यक्ष किती उचलता येतील ते, काढताना साधारण 90 दिवसांच्या आतलीच येणी धरते, आणि तुमचं बिल 105 दिवसांचं होणार, म्हणजे शेवटचे पंधरा दिवस ते बिल बँकेच्या हिशोबातून गळतं.

खरी चावी पार्टीच्या दिवसांत आहे. तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन मॅन्युफॅक्चरिंगमध्ये असेलच, नसेल तर आधी ते करा. 2006 च्या एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाला माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे असतात, पीओवर, म्हणजे कंपनीच्या खरेदी ऑर्डरवर, 90 लिहिलं तरीही. शिवाय 2023-24 पासून आयकरात 43बी(एच) आलंय, मुदतीबाहेर थकलेलं बिल कंपनीला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, पुढे पैसे देतील तेव्हाच. पण याचा चटका 31 मार्चला बसतो, म्हणून काही कंपन्या मार्चमध्ये सगळं चुकतं करतात आणि एप्रिलपासून परत लांबवतात. एवढ्यावर विसंबू नका, आणि नवीन पार्टीला कायद्याचा धाक तर दाखवूच नका, उद्यम सर्टिफिकेट पीओ निघण्याआधी परचेसवाल्याच्या हातात ठेवा आणि 45 दिवस मागा. ते मिळाले तर पहिलं पेमेंट ऐंशी-पंच्याऐंशीव्या दिवशी येतं आणि 20 लाखाच्या जागी सगळ्यात जास्त पावणेदहा लागतात. तुमच्या सीसीत 6 मोकळे आहेत, बाकीचे 4 वाढवून मागा, बिलं 90 च्या आत असल्याने ते मागणं सोपं जाईल.

45 ला नाही म्हणाले तर विचारा, "तुम्ही ट्रेड्सवर आहात का?" ट्रेड्स म्हणजे थकायच्या आधीच बिलं बँकांना विकायचा ऑनलाइन मंच, 250 कोटींच्या वर टर्नओव्हर असलेल्या कंपनीला तिथे रजिस्टर व्हावं लागतं. तिथे कंपनीने तुमचं बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि एक-दोन दिवसांत पैसे तुमच्या खात्यात, पुढे कंपनीने उशीर केला तरी बँक तुमच्या मागे लागत नाही. समजा 9 टक्क्याने 90 दिवसांचे कापले तरी 5.90 लाखाच्या बिलावर तेरा हजार जातात, 80 मधले 67 उरतात, आणि साधारण पंचावन्नाव्या दिवशी पैसे हातात म्हणून तुमची गरज 5 लाखाच्या आत येते, सध्याच्याच सीसीत बसते. अडचण एकच, रजिस्टर असणं वेगळं आणि बिल वेळेत मान्य करणं वेगळं. म्हणून त्यांचा दुसरा एखादा व्हेंडर शोधा, जीआयडीसीत सापडेलच, आणि त्याला विचारा की मागची दहा बिलं कधी मान्य झाली, पैसे कधी आले.

दोन्ही नाही जमलं तर 5 च्या जागी महिन्याला दीड लाखाचंच काम घ्या. त्याच 115 दिवसांनी त्याला 6 लाख लागतील, तेवढे सीसीत आहेत, जरा काठोकाठच. त्या पैशावर 11 टक्के व्याज धरलं तरी महिन्याला साडेपाच हजार, आणि सुटतात 24. पहिली तीन पेमेंटं खरंच कितव्या दिवशी आली ते वहीत लिहा. 105 च्या आत आली तर वाढवा, 130 ला आली तर तिथेच थांबा. स्टील महिन्याऐवजी पंधरा दिवसांचं मागवता आलं तर तेही बघा, त्यात तुमचे आठवडाभर तरी वाचतील.

परचेसवाल्याशी बोलणं झालं की जीआरएनला किती दिवस लागतात आणि एक पीस रिजेक्ट झाला तर पूर्ण बिल अडवतात की तेवढाच पीस, हे दोन्ही विचारून मला कळवा, मग बँकेला द्यायचा कागद आपण बनवू.