रविवारचे पाहुणे आणि घरात सुतक

"ताई, आम्ही अमळनेरचे. रविवारी शहाद्याहून पाहुणे माझ्या मुलीला पाहायला येणार होते. शुक्रवारी रात्री माझे मोठे काका वारले. स्थळ आणणारे मामा फोन उचलत नाहीत. भाऊ म्हणतो, सगळं आटोपल्यावर सांगू. बायको म्हणते, आत्ताच मेसेज टाका. कळवायचं कोणी आणि किती?"

भाऊ, वहिनींचं बरोबर आहे, फक्त मेसेजच्या आधी फोन करा. शनिवारी सकाळीच करा, कारण शहाद्याहून पाच-सात माणसं यायची म्हणजे गाडी ठरलेली असते. मामांची वाट पाहू नका. मुलाच्या वडिलांना तुम्ही स्वतः लावा, आणि तुम्हाला बोलवत नसेल तर तुमच्या भावाला लावू द्या. पण बोलणारा एकच असावा. एकाने 'काका वारले' म्हणायचं आणि दुसऱ्याने 'घरात जरा अडचण आहे' म्हणायचं, असं झालं की समोरच्याला वाटतं, यांचं मन फिरलं.

फोन दोन मिनिटांत संपवा. आजार काय होता, कुठल्या दवाखान्यात होते, हे सांगत बसू नका. मग हा मेसेज पाठवा, म्हणजे त्यांना घरातल्यांना दाखवता येईल:

"नमस्कार आप्पा. आमचे मोठे काका काल रात्री वारले. त्यामुळे उद्याचा मुलगी पाहण्याचा कार्यक्रम पुढे ढकलावा लागतोय. तेराव्यानंतर मी स्वतः फोन करून तुमच्या सोयीचा दिवस विचारतो. ऐनवेळी तुमची गैरसोय होतेय, क्षमा असावी."

यातला 'पुढे ढकलावा' हा शब्द बदलू नका. घाईत लोक 'रद्द' लिहितात आणि तिकडे तो नकार म्हणून वाचला जातो. नुसतं श्रद्धांजलीचं कार्ड पाठवलं तर कार्यक्रमाचं काय, हे त्यांनाच विचारावं लागतं, आणि अशा वेळी ते विचारत नाहीत. अंत्ययात्रेची वेळही आपणहून घालू नका. अजून सोयरीक जुळलेली नाही. वेळ कळवली की यावंच लागेल, असं त्यांना वाटतं. ते आपणहून दारावर आले तर गोष्ट वेगळी, पण तेव्हा स्थळाचा विषय काढायचा नाही.

नवी तारीख आज देऊ नका. शुक्रवार पहिला दिवस धरला तर दहावा दिवस या रविवारनंतरच्या रविवारी येतो आणि तेरावा त्यानंतरच्या बुधवारी. तुमच्याकडे उत्तरकार्य, गंधमुक्ती आधी उरकणार असतील तर तसा हिशोब करा. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, फोन करा. आठवडा आणखी गेला तर ते दुसरीकडे बघायला मोकळे होतात, आणि त्यात त्यांची चूक नाही.

त्या फोनआधी एक गोष्ट घरात ठरवून ठेवा. वर्षाच्या आत लग्न करायचं की वर्षश्राद्धानंतर? पाहुणे हे विचारणारच. काकू आणि चुलतभावांना विचारून घ्या. पाहुण्यांपुढे घरात दोन मतं निघाली तर पुढची बोलणी अडतात.

मामांचा फोन लागला की त्यांनाही सांगा, नाहीतर ते रविवारी पाहुण्यांना "निघालात का?" विचारतील. आणि वरण-बट्टीसाठी आचारी सांगितला असेल तर त्यालाही आजच कळवा.