आजीला वाढदिवसाचा मेसेज

प्रश्न: आजीच्या वाढदिवसाला मराठीत काय लिहू? आदर हवा, पण फार औपचारिक नको. आम्ही नागपूरचे.

उत्तर: घरी आजीला ‘तू’ म्हणत असाल तर मेसेजमध्येही ‘तू’च ठेवा. एकदम ‘आपणांस’ लिहिलं की पत्रिकेची भाषा होते. आदर नमस्कारातून दिसतो. ‘शतायुषी हो’ मात्र नको, तो मोठ्यांनी लहानांना द्यायचा आशीर्वाद. आपण देवाजवळ मागायचं आणि तिचा आशीर्वाद घ्यायचा. मी असं लिहीन:

‘आजी, वाढदिवसाचा साष्टांग नमस्कार! तुझ्या हातच्या गोळाभातावर कढत फोडणीचं तेल पडलं की सगळं घर ताटावर येऊन बसतं. सांबारवडी करताना मला पहिली देतेस, हे दादाला अजून सांगितलं नाही. तुला उत्तम आरोग्य आणि उदंड आयुष्य लाभो, हीच टेकडीच्या गणपतीजवळ प्रार्थना. संध्याकाळी संत्रा बर्फी घेऊन येतो. साखरेचं कारण सांगू नकोस, अर्धी तुझी, अर्धी माझी. डोक्यावर हात असाच राहू दे.’

गोळाभाताच्या जागी तुमच्या आजीची खरी गोष्ट घाला, तिची रागावायची पद्धतसुद्धा चालेल. मुलगी असाल तर ‘येते’ करा. चष्म्याशिवाय वाचता येत नसेल तर आवाजात रेकॉर्ड करून पाठवा.