टॉवर वर उचलला जातोय म्हणजे काय?

प्रश्न: आमच्या शेतात लाइनचा लोखंडी टॉवर आहे, एका पायाच्या चौथऱ्याभोवती भेग पडली आहे. टॉवर एवढा जड असताना पाया वर कसा येईल? वरून काँक्रीट ओतलं तर भागेल का?

ओतू नका. पायाशेजारी खणू तर मुळीच नका. आणि टॉवर जड असतो हे तुम्हाला कोणी सांगितलं? एकशे दहा केव्हीचा डेड एंड टॉवर, म्हणजे जिथे तारा संपतात तो, आठ टनांच्या आसपास भरतो, म्हणजे एका पायाच्या वाट्याला दोन टन. आमच्या गावातली उसाने भरलेली ट्रॉली याच्याहून जड असते. टॉवर वजनाने उभा राहत नाही, पायावरच्या मातीने उभा राहतो. हे एका साहेबांना मी दोन महिने सांगत होतो.

मी निपाणीकडचा. बावीस वर्षं लाइनच्या कामावर सुपरवायझर होतो, बहुतेक चिकोडी, हुक्केरी, अथणी भागात. तुमचा प्रश्न वाचून जो टॉवर आठवला तो हुक्केरी तालुक्यातला, घटप्रभेच्या कालव्याखालच्या उसाच्या रानातला. सबस्टेशनच्या अलीकडचा शेवटचा टॉवर होता. तिथे सगळ्या तारा एकाच बाजूने ओढतात, सबस्टेशनच्या बाजूला नुसता ढिला झोल असतो. ओढ पुढे असली की पुढचे दोन पाय जमिनीत दाबले जातात आणि मागचे दोन उपटले जातात. शिडीला वरून पुढे ओढा आणि मागच्या पायांकडे बघा, तेच.

आकडे सांगतो, म्हणजे साहेबांशी भांडण कशावरून झालं ते कळेल. सहा तारा, प्रत्येकीची ओढ २.२ टनांच्या आत-बाहेर, सरासरी अठरा मीटर उंचीवर. वर अर्थवायर, एक टन, सव्वीस मीटरवर. जमिनीशी उलथवणारा मोमेंट, म्हणजे ओढ गुणिले उंची, २६४ टन-मीटर येतो. पायांमधलं अंतर ५ मीटर आणि मागे दोन पाय, म्हणून २६४ भागिले १०, साधारण २६ टन. त्यातून टॉवरच्या वजनाचे २ वजा केले की मागचा प्रत्येक पाय वारा नसतानाही २४ टनांनी वर ओढला जातो. वारा आणि सुरक्षिततेचे गुणक धरून डिझाइनमध्ये हा आकडा ३८ होता.

हे ३८ टन धरून ठेवायला खाली ३ मीटर खोल, ३ बाय ३ मीटरचा काँक्रीटचा पॅड होता, एका पायाला सगळं मिळून ४ घनमीटर काँक्रीट. काँक्रीटचं वजन सव्वानऊ टन. बाकीचं कुठून येणार? पॅडवरच्या मातीतून. पाया वर येताना आपल्यासोबत मातीचा एक उलटा शंकू उचलून आणतो असं धरतात, आणि तो किती पसरतो ते मातीवर ठरतं. चांगल्या कोरड्या मातीत उभ्या रेषेपासून ३० अंश, ओलीत १५, आणि ओल्या काळ्या जमिनीत शून्य, म्हणजे पॅडच्या बरोबर वरचा चौकोनी खांब तेवढा. पाण्याखाली गेलेली माती हलकीही होते, घनमीटरला १४४० किलोऐवजी ९४० धरतात. काँक्रीटचंही वजन पाण्यात घनमीटरमागे एक टनाने उतरतं.

त्याच खड्ड्याचा हिशेब करून बघा. ३० अंश कोरडी माती धरली तर माती आणि काँक्रीट मिळून १०४ टन. ओली, १५ अंश धरली तर ४३. ओली काळी जमीन, शून्य अंश, तर २७. पॅड तोच, सळ्या त्याच, सिमेंट तेच. कागदावर मातीचा एक शब्द बदलला की १०४ चे २७ होतात.

साहेबांच्या कागदावर ‘साधी कोरडी’ लिहिलं होतं. ट्रायल पिट, म्हणजे माती बघायचा खड्डा, मे महिन्यात घेतलेला. मे महिन्यात इथल्या काळ्या रानात घोट्याएवढ्या भेगा असतात आणि खड्डा चुन्याच्या भिंतीसारखा ताठ उभा राहतो, मग कोरडी नाही तर काय दिसणार? जूनअखेर आम्ही मागच्या पायांचे खड्डे घेतले तेव्हा २.४ मीटरवर पाणी पाझरायला लागलं. रानाचे मालक, एक म्हातारे काका, बांधावर बसून बघत होते. म्हणाले, “आता काय बघतासा, श्रावणात या. कालव्याला पाणी सुटलं आणि वरनं पाऊस लागला की हितं हातभरावर पाणी येतंय.” मी ते साहेबांना सांगितलं आणि खड्ड्याच्या वहीत लिहिलं. साहेब म्हणाले, “पॅडखाली काय आहे ते बघ, वरच्या मातीचं काय घेऊन बसलास? खाली घट्ट मुरूम लागलाय. पंप लाव आणि काँक्रीट घाल.”

सगळा घोळ इथेच आहे, आणि आजही मला साइटवर हीच समज दिसते. पॅडखालची माती दाबल्या जाणाऱ्या पायांसाठी. उपटल्या जाणाऱ्या पायांना खाली खडक असला तरी त्याचा काडीचा उपयोग नाही, त्यात अँकर ठोकले नसतील तर. त्यांना वरची आणि बाजूची माती पाहिजे. आमच्या कन्नड गँगचा मेस्त्री अडाणी, पण ‘एरे मण्णू’, म्हणजे काळी माती, असं म्हणून हातातलं ढेकूळ चिरडून दाखवायचा. त्याला कळत होतं.

त्यात भर भरावाची. वीतभराचा थर टाकायचा, पाणी शिंपडायचं, धुमसाने ठोकायचा आणि मग पुढचा, आणि काळ्या जमिनीत तर मुरूम बाहेरून आणायचा, हे सगळ्यांना पाठ असतं. आमच्या इथे जेसीबीने तीच काळी ढेकळं एका दुपारी लोटली. मुरमाच्या खेपा कोणी मोजल्या ते विचारू नका.

गणपती होऊन गेल्यावर तार ओढायला घेतली. पाच तारा झाल्या. सहावी विंचवर ताणत होती तेव्हा मागच्या डाव्या पायाशी उभा असलेला पोरगा ओरडला. जाऊन बघितलं तर चिमणीभोवती, म्हणजे जमिनीतून वर येणाऱ्या त्या काँक्रीटच्या खांबाभोवती, बोटभर फट, आणि खांबाच्या मध्यापासून दीड मीटरवर चारी बाजूंनी सरळ रेषेत भेग, पाटावर रांगोळीची चौकट काढावी तशी. दीड आणि दीड तीन, म्हणजे बरोबर पॅडचा आकार. काळी जमीन आपल्या अंगानेच फाटली होती, शंकू-बिंकू काही नाही. दुर्बीण लावून चारही स्टबच्या, म्हणजे काँक्रीटमध्ये रोवलेल्या पायांच्या लोखंडाच्या, पातळ्या घेतल्या. डावा २२ मिलिमीटर वर, उजवा ६. दोन्ही पाय सारखे वर आले असते तर टॉवर नुसता पुढे कलला असता, पण ही १६ मिलिमीटरची तफावत मागच्या जाळीतल्या तिरप्या पट्टीने खाल्ली आणि ती पोट काढून बाहेर आली होती. टॉवरचं टोक जवळजवळ ८ सेंटीमीटर पुढे झुकलं होतं.

ओढ २४, पाया २७, मग आला कसा वर? कारण २७ हे ठोकलेल्या भरावाचं. पोकळ ढेकळांत घनमीटरला ८०० किलो धरा, २३.६ होतात. आकडे एवढे नेमके जुळले की मला स्वतःलाच शंका येते. खड्ड्याच्या कडेचं घर्षण मी धरलेलं नाही आणि विंच थोडी जास्तही ओढते. पण दिशा हीच.

मग तारा सैल केल्या, टॉवरला मागून दोरखंडाचे ताण दिले, आणि तेव्हा कुठे एकेक पाय खणला. हा क्रम महत्त्वाचा. उपटल्या जाणाऱ्या पायाशेजारी खणणं म्हणजे त्याला धरून ठेवलेलं वजनच काढून घेणं. मुरमासाठी टॉवरच्या बुडाशी जेसीबी लावणाऱ्या शेतकऱ्यांशी मी अक्षरशः मारामाऱ्या केल्या आहेत. जुन्या पॅडला वेढून ४ बाय ४ मीटरचा नवा पॅड घेतला, चिमणीला टाचे मारून, भोकं पाडून सळ्या अडकवल्या, भराव मुरमाचा, थरथराने. ओल्या काळ्या जमिनीच्या हिशेबाने ४७ टन बसतात. हिशेब पहिल्यांदाच नीट झाला असता तर खोदाई पायामागे २७ च्या जागी ४८ घनमीटर लागली असती, एवढंच साहेबांना वाचवायचं होतं.

तुमचं काँक्रीट. आमच्या पायाला ११ टन कमी पडत होते. वरून ओतायचं तर पाच घनमीटर लागतील, आणि ते चिमणीला सळ्यांनी बांधलेलं नसेल तर पाया त्यातून सुळकन वर सरकेल, काँक्रीट जागेवर. शिवाय पाणी चौथऱ्याखाली कोंडेल ते वेगळंच.

तुमची भेग कसली ते आधी बघा. उन्हाळ्यात काळी जमीन कुठेही, कशीही फाटते, त्याने काही होत नाही. चौकोनात, चिमणीपासून सगळीकडे सारख्या अंतरावर भेग असेल, चिमणीच्या काँक्रीटला चिकटलेल्या मातीचा डाग जमिनीच्या वर आलेला दिसत असेल, किंवा जाळीतली एखादी पट्टी वाकलेली असेल, तर ज्यांची लाइन आहे त्यांच्या कचेरीत लेखी द्या, फोटोत मापाची पट्टी ठेवून. साध्या सरळ लाइनमधला टॉवर असेल तर तारांची ओढ दोन्हीकडून कापली जाते, तिथे वाऱ्याशिवाय एवढं उपटणं येत नाही, म्हणून लगेच घाबरू नका. तारा वळतात किंवा संपतात तो टॉवर असेल तर वेळ घालवू नका.

एक राहिलं. वरचा १०४ चा आकडा कोरड्या मातीतही खरा नाही. ३० अंशांनी शंकू पसरवला तर जमिनीवर तो साडेसहा मीटर रुंद होतो, आणि पाय आहेत ५ मीटरवर. मागच्या दोन पायांचे शंकू एकमेकांत घुसतात आणि मधली माती दोनदा मोजली जाते. हेही मी साहेबांना तेव्हाच दाखवलं होतं, सिगारेटच्या पाकिटावर काढून. पाकीट त्यांनी फेकलं. दुरुस्तीचा खर्च पुढे ‘अतिवृष्टीमुळे’ म्हणून लिहिला गेला. खड्ड्याची वही माझ्या कपाटात आहे, जूनच्या पानावर माझ्या अक्षरात ‘२.४ मी. पाणी’, आणि शेजारी त्यांची सही.